नळीतून किती, आणि कोणाला?

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना व्हेंटिलेटरचे आकडे कळत नाहीत, औषधांची नावं लक्षात राहत नाहीत. पण एक गोष्ट ते पहिल्याच दिवशी विचारतात, आणि रोज विचारतात : "त्यांच्या पोटात काही गेलं का?" प्रश्न साधा वाटतो. गेल्या १५ वर्षांत अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी एकमेकांशी ज्या मुद्द्यांवर सर्वाधिक वाद घातला, त्यातला एक मात्र नेमका हाच आहे. कृत्रिम श्वासावर असलेल्या माणसाला लवकर आणि भरपूर अन्न द्यायचं, की थोडं थोडं? आणि सगळ्यांना सारखंच द्यायचं, की काहींनाच जोर लावून? ही निवड करता यावी म्हणून एक गुणांक तयार झाला. त्याचं नाव न्यूट्रिक स्कोअर. आज आपल्याकडच्या अनेक आयसीयूंमध्ये आहारतज्ज्ञाच्या तक्त्यावर त्याची एक चौकट असते.

हा गुणांक आला कॅनडातून. ऑन्टॅरिओ प्रांतात किंग्स्टन नावाचं शहर आहे, तिथल्या क्वीन्स विद्यापीठातले डॉ. डॅरेन हेलंड आणि त्यांचे सहकारी अतिदक्षता विभागातल्या पोषणावर वर्षानुवर्षं काम करत होते. २०११ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यांचा मूळ विचार पटण्यासारखा होता. आयसीयूत आलेला प्रत्येक रुग्ण पोषणाच्या दृष्टीनं सारखाच गरजू आहे असं आपण का मानायचं? अपघातात बरगड्या मोडलेला धडधाकट तरुण दोन-तीन दिवसांत नळीवरून उठून जेवायला लागेल, त्याला पहिले दोन दिवस कमी मिळालं तर फारसं बिघडणार नाही. उलट मधुमेह, दमा, वय आणि न्यूमोनिया या सगळ्यांनी एकदम घेरलेला माणूस दोन आठवडे व्हेंटिलेटरवर राहील, आणि तेवढ्या काळात त्याचं शरीर स्वतःचेच स्नायू जाळत राहील. हे जळणं काल्पनिक नाही. २०१३ साली लंडनमधल्या संशोधकांनी आयसीयूतल्या ६३ रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची जाडी सोनोग्राफीवर मोजली. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचं क्षेत्रफळ सरासरी जवळपास १८ टक्क्यांनी घटलं होतं. बरं होऊन घरी गेलेल्या माणसाला खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढवत नाही, त्याची मुळं या दहा दिवसांत असतात.

तेव्हा ज्यांना हा धोका जास्त त्यांना आधी ओळखावं आणि अन्नाचा जोर तिथे लावावा, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात ती कशी वापरतात हे एका रुग्णावरून पाहू. रुग्ण कल्पित आहे, पण असे रुग्ण कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी रोज दाखल होतात.

साताऱ्याकडचे ६२ वर्षांचे एक शेतकरी. वजन ६० किलो. मधुमेह आहे, आणि बरीच वर्षं विडी ओढल्यामुळे जुना श्वसनविकारही आहे. न्यूमोनियासाठी वॉर्डात दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी दम वाढला, रक्तदाब घसरला, आणि त्यांना आयसीयूत हलवून व्हेंटिलेटर लावावा लागला. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअॅड्रेनालिनचा छोटा डोस सुरू आहे.

न्यूट्रिकमध्ये पहिली गोष्ट वय. पन्नाशीच्या आत असाल तर शून्य, ५० ते ७४ मध्ये एक गुण, ७५ आणि वर दोन. काकांना एक. दुसरी गोष्ट अपॅची टू नावाचा आकडा. आयसीयूतल्या पहिल्या २४ तासांतले सर्वांत वाईट ताप, नाडी, रक्तदाब, प्राणवायू, सोडियम, क्रिएटिनिन वगैरे घेऊन तो काढतात, आणि रुग्ण किती गंभीर आहे हे त्यावरून ठरवतात. हा आकडा १५ च्या खाली असेल तर शून्य, मग एक, २० पासून दोन आणि २८ पासून तीन गुण. काकांचा अपॅची २४ आला, म्हणजे दोन गुण. तिसरी गोष्ट सोफा. फुप्फुसं, रक्तदाब, मूत्रपिंडं, यकृत, रक्तातल्या बिंबिका आणि मेंदू या सहा ठिकाणी बिघाड किती आहे, ते शून्य ते चार अशा मापात मोजतात. सहाच्या खाली शून्य, सहा ते नऊ एक, दहा आणि वर दोन. काकांचा सोफा नऊ, म्हणून एक गुण. आधीचे आजार दोन किंवा जास्त असतील तर एक गुण, तो त्यांना मिळाला. आयसीयूत येण्याआधी रुग्णालयात एक दिवस किंवा जास्त काढला असेल तर आणखी एक, तोही मिळाला. बेरीज सहा.

मूळ गुणांकात सहावी गोष्टही होती, इंटरल्युकिन-६ हा रक्तातला दाह दाखवणारा घटक. ती तपासणी बहुतेक रुग्णालयांत रोजच्या कामात होत नाही. म्हणून ती वगळून उरलेल्या पाच गोष्टींवर नऊ गुणांचा सुधारित न्यूट्रिक वापरायची पद्धत रूढ झाली, आणि २०१६ मध्ये जवळपास १,२०० रुग्णांच्या माहितीवर तो तपासूनही पाहिला गेला. या नऊपैकी पाच किंवा अधिक गुण म्हणजे जास्त धोका. काका सहावर आहेत.

आता पुढे काय करायचं? २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी न्यूट्रिकला मोठं स्थान दिलं. जास्त धोक्याच्या रुग्णाला सोसेल तितक्या वेगानं, २४ ते ४८ तासांत, लक्ष्याकडे न्यावं, आणि ४८ ते ७२ तासांत लक्ष्याच्या ८० टक्क्यांहून अधिक उष्मांक व प्रथिनं पोचवायचा प्रयत्न करावा, असा त्यांचा सल्ला होता. ६० किलोच्या काकांसाठी किलोमागे २५ उष्मांक धरले तर दिवसाचं लक्ष्य १,५०० उष्मांक. प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम म्हणजे ७२ ग्रॅम. नळीतून देण्याचं तयार द्रव अन्न मिलिलिटरला एक उष्मांक देणारं असेल, तर पूर्ण लक्ष्यासाठी पंप ताशी ६२ ते ६३ मिलिलिटरवर हवा, आणि ८० टक्क्यांसाठी ५० वर. सुरुवात साधारणपणे ताशी २० पासून करतात. इतकं अन्न आतड्याच्या अस्तराला जागं ठेवायला पुरतं, पोट भरायला नाही.

कागदावर हे गणित सरळ दिसतं. पलंगापाशी त्यात तीन-चार ठिकाणी घोटाळा होतो, आणि आकडा काढणाऱ्यानं तिथेच थांबून पाहायला हवं.

सर्वांत मोठा घोटाळा शुद्धीच्या मोजणीत. अपॅची आणि सोफा या दोन्हींत ग्लासगो मापावर शुद्ध मोजायची असते. पूर्ण शुद्धीला १५, खोल बेशुद्धीला ३. काकांना नळी घालण्याआधी ते गोंधळलेले होते, हाक मारल्यावर डोळे उघडत होते, त्यांचं माप १२ होतं. नळी घातल्यावर झोपेचं औषध सुरू झालं आणि आता ते कशालाच प्रतिसाद देत नाहीत. एखाद्या निवासी डॉक्टरनं आत्ता दिसतंय ते, म्हणजे ३, लिहिलं तर अपॅची २४ वरून ३३ वर जातो आणि सोफा ९ वरून ११ वर. न्यूट्रिक सहाचा आठ होतो. माणूस तोच, आजार तोच, औषधानं आलेली झोप मात्र आजारात मोजली गेली. म्हणून झोपेचं औषध देण्याआधीची शुद्ध लिहायची असते. एखाद्या आयसीयूत जवळपास सगळेच रुग्ण जास्त धोक्यात निघत असतील, तर आधी हेच तपासावं.

दुसरं असं की अपॅचीसाठी पहिल्या २४ तासांतले सर्वांत वाईट आकडे लागतात. रुग्ण आल्या आल्या दहा मिनिटांत काढलेला न्यूट्रिक हा अंदाज असतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढायला हवा. आणि रुग्णालयात काढलेले दिवस मोजताना, तालुक्याच्या छोट्या इस्पितळात तीन दिवस राहून आलेल्या माणसाला ‘आजच दाखल’ धरलं जातं. ते तीन दिवस सलाइनवर, जवळपास उपाशी गेले असण्याची शक्यता मोठी, आणि हा गुण पकडायला पाहतो ती हीच उपासमार. मला वाटतं, बदलीच्या कागदावरची पहिली तारीख पाहूनच ही चौकट भरावी.

उष्मांकांच्या हिशेबातही एक लपलेली जागा आहे. झोपेसाठी बऱ्याचदा प्रोपोफॉल वापरतात. ते पांढरं औषध तेलाच्या दुधाळ द्रावणात येतं आणि दर मिलिलिटरला १.१ उष्मांक देतं. ताशी १० मिलिलिटर चालू असेल तर दिवसाला सुमारे २६४ उष्मांक त्यातूनच जातात. ते धरले नाहीत तर आपण ८० टक्के देतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात रुग्णाला जवळजवळ पूर्ण लक्ष्य मिळत असतं. धरले आणि द्रव अन्न कमी केलं, तर प्रथिनं आणखी तुटतात. लिटरला ४० ग्रॅम प्रथिनं असलेलं अन्न दीड लिटर दिलं तरी ६० ग्रॅमच भरतात, काकांच्या लक्ष्याला १२ कमी. ती तूट प्रथिनांची पूड वेगळी घालून भरायची असते. स्वयंपाकघरात वाटून गाळलेली पेज किंवा वरण नळीतून देणाऱ्या रुग्णालयांत तर प्रत्येक भांड्यातले उष्मांक वेगळे. नळी बंद पडू नये म्हणून ते पातळ करत जातात, आणि तक्त्यावर लिहिलेला आकडा व पोटात गेलेला आकडा यांची गाठ पडत नाही.

हे सगळं नीट केलं, असं धरू. मग मूळ प्रश्न उरतो, आणि इथे थांबून नीट पाहायला हवं : सहा गुण मिळालेल्या काकांना जोर लावून अन्न दिल्यानं खरंच फायदा होतो का?

न्यूट्रिकमध्ये कशाची बेरीज झाली ते पाहा. वय, आजाराची तीव्रता, अवयवांचा बिघाड, जुने आजार, रुग्णालयातले दिवस. पोषणाशी थेट संबंध असलेली एकही गोष्ट त्यात नाही. वजन किती घटलं, उंचीच्या मानानं वजन किती, गेल्या आठवड्यात जेवण किती गेलं, या गोष्टी हेलंड यांच्या गटानं सुरुवातीला पाहिल्या होत्या. मृत्यूचा अंदाज बांधायला त्यांचा वेगळा उपयोग दिसला नाही म्हणून त्या गळल्या. त्यातही वय दोनदा मोजलं जातं, कारण ते अपॅचीच्या आतही असतं. थोडक्यात, हा गुणांक कोण दगावण्याची शक्यता जास्त हे बऱ्यापैकी सांगतो. कोणाला अन्नानं वाचवता येईल हे तो सांगतो का, हा वेगळा प्रश्न. थर्मामीटर ताप किती ते बरोबर दाखवतो, पण त्यावरून कुठलं औषध द्यायचं ते कळत नाही.

२०११ च्या अभ्यासात फायदा दिसला होता, हे खरं. जास्त गुणांच्या रुग्णांमध्ये ज्यांना लक्ष्याच्या जवळ अन्न पोचलं त्यांच्यात मृत्यू कमी होते, कमी गुणांच्या रुग्णांमध्ये असा फरक नव्हता. २०१७ मध्ये अनेक देशांतल्या २,८०० हून अधिक व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या नोंदींतही तसंच चित्र आलं. पण हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास होते. कोणाला किती द्यायचं हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं, जे घडलं ते त्यांनी नोंदलं. आणि आयसीयूत कोणाला जास्त अन्न पोचतं? ज्याचा रक्तदाब सावरतोय, ज्याचं पोट फुगत नाही, ज्याला उलटी होत नाही त्याला. म्हणजे जो आधीच बरा होऊ लागलाय त्याला. आतडं अन्न स्वीकारतं हे सुधारणेचं लक्षण असू शकतं, सुधारणेचं कारण असेलच असं नाही. अत्यवस्थ रुग्णांमध्ये हा गोंधळ सर्वांत जास्त होतो, आणि जास्त गुण मिळतात तेही त्यांनाच.

हा गुंता सोडवायला चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेले प्रयोग हवेत. असा एक प्रयोग सौदी अरेबियातले डॉ. यासीन अराबी यांनी केला, सौदी आणि कॅनडातल्या ८९४ रुग्णांवर. एका गटाला गरजेच्या ४० ते ६० टक्के उष्मांक, दुसऱ्याला ७० ते १०० टक्के, प्रथिनं दोघांना सारखीच. २०१५ मध्ये निकाल आला. ९० दिवसांतल्या मृत्यूंत फरक नाही. मग त्याच रुग्णांचे न्यूट्रिक गुण काढून माहिती पुन्हा तपासली गेली. न्यूट्रिक खरोखर गरजू ओळखत असेल, तर जास्त गुणांच्या रुग्णांमध्ये तरी पूर्ण अन्नाचा फायदा दिसायला हवा होता. दिसला नाही. जास्त धोक्याच्या गटातही कमी अन्न आणि पुरेसं अन्न यांचे निकाल सारखेच राहिले.

त्याहून बोलका निकाल २०२३ मध्ये आला, आणि तो खुद्द हेलंड यांच्या नेतृत्वाखालच्या प्रयोगातून. त्यांनी १६ देशांतल्या ८५ आयसीयूंमधून पोषणाचा धोका जास्त असलेले सुमारे १,३०० व्हेंटिलेटरवरचे रुग्ण घेतले.  एका गटाला किलोमागे रोज २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं द्यायची होती, दुसऱ्याला १.२ किंवा कमी. जास्त प्रथिनं घेतलेले रुग्ण रुग्णालयातून लवकर बाहेर पडले नाहीत. आणि ज्यांच्या मूत्रपिंडांना अचानक इजा झाली होती, किंवा ज्यांचा सोफा सुरुवातीलाच नऊ किंवा जास्त होता, त्यांचं जास्त प्रथिनांनी नुकसान झाल्याची चिन्हं दिसली. आपल्या काकांचा सोफा नऊ आहे. ज्या गंभीरतेमुळे न्यूट्रिकनं त्यांना भरपूर अन्नाच्या रांगेत उभं केलं, त्याच गंभीरतेत भरपूर अन्न महागात पडू शकतं. ज्या संशोधकानं ही कल्पना मांडली, त्यानंच तिची इतकी कठोर परीक्षा घेतली आणि विरुद्ध निकाल जसाचा तसा जगापुढे ठेवला. त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्याच वर्षी फ्रान्समधून ३,०४४ रुग्णांचा निकाल आला. हे सगळे व्हेंटिलेटरवर होते आणि रक्तदाबाची औषधं घेत होते, अगदी काकांसारखे. पहिल्या आठवड्यात एका गटाला किलोमागे फक्त ६ उष्मांक दिले, दुसऱ्याला २५. मृत्यूत फरक नव्हता. कमी अन्न मिळालेले रुग्ण आयसीयूतून बाहेर जायला किंचित लवकर तयार झाले, आणि त्यांच्यात उलट्या, जुलाब, यकृताचा बिघाड, आतड्याला रक्त न पोचून त्याचा भाग निकामी होणं, हे सगळं कमी होतं.

असं का व्हावं? आजाराच्या पहिल्या दिवसांत शरीर स्वतःच्या साठ्यातून साखर तयार करत असतं. यकृत ती रक्तात सोडतं, स्नायू त्यासाठी प्रथिनं पुरवतात. निरोगी माणूस जेवला की ही आतली भट्टी मंदावते. अत्यवस्थ माणसात दाहामुळे आणि ताणाच्या संप्रेरकांमुळे ती चालूच राहते, बाहेरून कितीही अन्न आलं तरी. म्हणजे पहिल्या दिवशी आपण १,५०० उष्मांक दिले तर ते आतल्या पुरवठ्याच्या वर पडतात. साखर चढते, इन्सुलिन वाढवावं लागतं. शिवाय पेशींच्या आत बिघडलेले भाग मोडून साफ करण्याचं काम उपाशी अवस्थेत जोरात चालतं, भरपूर अन्न आलं की ते मंदावतं. रक्तदाब औषधावर टिकवलेला असताना आतड्याकडे रक्त आधीच कमी जातं, आणि अन्न पचवायला आतड्याला जास्त रक्त लागतं.

मग न्यूट्रिक काढायचाच नाही का? युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये एका अर्थानं हेच म्हटलं. आयसीयूत ४८ तासांहून जास्त राहणाऱ्या प्रत्येकाला कुपोषणाचा धोका आहे असं धरा, पहिल्या दिवसांत लक्ष्याच्या ७० टक्क्यांपुढे जाऊ नका, तिसऱ्या दिवसानंतर हळूहळू वाढवा. अमेरिकी तज्ज्ञांनीही २०२२ मध्ये पहिल्या सात ते दहा दिवसांसाठी किलोमागे १२ ते २५ उष्मांक अशी रुंद मोकळीक दिली. माझं मत असं की गुणांक काढावा, पण त्यातून वेगळं उत्तर घ्यावं. सहा गुण सांगतात की काका बराच काळ इथे राहतील, त्यांच्या अन्नात विनाकारण खंड पडू देऊ नका, आहारतज्ज्ञाला आजच बोलवा, फिजिओथेरपी लवकर सुरू करा. पंप आजच ६३ वर न्या, असं ते सांगत नाहीत.

काकांचं प्रत्यक्षात असं करता येईल. पहिल्या २४ ते ४८ तासांत, नॉरअॅड्रेनालिनचा डोस स्थिर झाला आणि लॅक्टेट उतरू लागलं की, ताशी २० नं सुरुवात. डोस चढत असेल तर थांबा. पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर. पोट फुगलं, उलटी झाली, किंवा लॅक्टेट विनाकारण पुन्हा वाढलं तर आतड्याकडे संशयानं पाहा. नळीतून मागे ओढून किती साठलं हे मोजत बसायची जुनी सवय कमी झाली आहे. इतर लक्षणं नसतील तर ५०० मिलिलिटरच्या आत साठा दिसला म्हणून अन्न बंद करू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताशी ४० च्या आसपास, रक्तदाबाचं औषध सुटलं की ५० आणि पुढे. प्रथिनंही याच चढानं, आठवड्याच्या अखेरीस ७२ ग्रॅमकडे.

न्यूट्रिक ज्याला चुकवतो अशा एका रुग्णाबद्दल सांगायलाच हवं. ४० वर्षांची एक बाई, क्षयाचे उपचार चालू, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ३८ किलो. दोन आठवडे धड जेवलेली नाही. आज थेट आयसीयूत आली, व्हेंटिलेटर लागला. अपॅची १७, सोफा ५. वयाला शून्य, अपॅचीला एक, सोफाला शून्य, आजार एकच म्हणून शून्य, आधीचे दिवस नाहीत म्हणून शून्य. बेरीज एक. गुणांक म्हणतो धोका कमी. प्रत्यक्षात या आयसीयूतली सर्वांत कुपोषित व्यक्ती तीच आहे, आणि अन्नाच्या बाबतीत सर्वांत नाजूकही. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की पेशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ओढून घेतात. फॉस्फेट कोसळलं की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि व्हेंटिलेटर सुटत नाही. बाहेरून ते न्यूमोनिया वाढल्यासारखं दिसतं. म्हणून आधी थायमिन १०० मिलिग्रॅम, मग किलोमागे साधारण १० उष्मांक म्हणजे ताशी १६ मिलिलिटर, आणि पहिले काही दिवस फॉस्फेट रोज मोजायचं, जमलं तर दोनदा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३३९ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात, अन्न सुरू केल्यावर फॉस्फेट घसरलं तेव्हा काही दिवस उष्मांक कमी ठेवलेल्या गटात ६० दिवसांनी जास्त माणसं जिवंत होती.

या बाईचा धोका ओळखायला यंत्र लागत नाही. कपडे किती सैल झाले, शेवटचं पोटभर जेवण कधी झालं, घास गिळताना त्रास व्हायचा का, दारू होती का, हे तिच्या आईला किंवा नवऱ्याला विचारावं लागतं. पाच चौकटींच्या तक्त्यात या उत्तरांना जागा नाही, म्हणून ती पहिल्या दिवशीच वेगळी लिहून घ्यायला हवीत. नातेवाइकांनी कोणी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगावीत.

गुणांकाचा भर पहिल्या तीन दिवसांवर आहे, आणि आताच्या माहितीनुसार घाई सर्वांत कमी तिथेच हवी. खरी तूट नंतर पडते. दहाव्या-बाराव्या दिवशी काकांच्या घशातली श्वासनळी निघते, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी नाकातली अन्नाची नळीही काढून टाकतात. आता ते तोंडानं खातील, असं गृहीत धरलं जातं. पण घसा सुजलेला असतो, गिळणं कमजोर असतं, चव गेलेली असते, आणि दिवसभरात चार चमचे पेज जाते. शरीराची जळण्याची अवस्था ओसरून बांधणीची सुरू झालेली असते, त्यामुळे अन्न आता खरोखर उपयोगी पडणार असतं. अशा वेळी रोज तोंडानं किती गेलं ते मोजावं, गरजेच्या निम्म्याहून कमी असेल तर नाकातली नळी तशीच ठेवून रात्री पंपावर उरलेलं द्यावं, आणि वॉर्डात पाठवताना कागदावर उष्मांक व प्रथिनांचं लक्ष्य लिहून द्यावं. न्यूट्रिकचा आकडा त्या कागदावर नसला तरी चालेल.